रक्तदाबाची गोळी आणि रुग्णाचं घड्याळ
(मीरा-भाईंदर परिसरातल्या कुटुंबवैद्यांच्या मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण, वरसावे)

संयोजकांनी जेवण उत्तम ठेवलंय आणि मीठही बेतानं घातलंय, त्याबद्दल त्यांचं अभिनंदन.

वर्षभरातल्या वैद्यकीय घडामोडींचा आढावा अध्यक्षांनी घ्यावा, अशी प्रथा आहे. टिपणं काढली होती, ती खिशातच राहू देतो. सकाळच्या सत्रात आपल्या दोन विद्वान सहकाऱ्यांनी रक्तदाबाची गोळी सकाळी द्यावी की रात्री, यावर जो सामना रंगवला, त्यानंतर मला दुसरं काही बोलवत नाही. हा विषय माझ्या पोटात 2019पासून आहे.

रात्रीच्या पक्षाचं म्हणणं समजण्यासारखं आहे. निरोगी माणूस झोपला की त्याचा दाब दिवसापेक्षा साधारण 10 ते 20 टक्के उतरतो आणि पहाटे पुन्हा चढतो. काहींचा रात्री उतरतच नाही, आणि अशा लोकांना पक्षाघाताचा, हृदयविकाराचा धोका जास्त. मग झोपताना गोळी दिली तर रात्रीचा दाबही आवरेल आणि पहाटेची उसळीही, असा हा तर्क. तर्कात खोट नाही. खोट पुढे आली.

ऑक्टोबर 2019मध्ये स्पेनमधल्या हर्मिडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘हायजिया’ चाचणीचे निष्कर्ष छापले. 19,084 रुग्ण, सहा वर्षांहून जास्त पाठपुरावा, आणि रात्री गोळी घेणाऱ्यांत हृदयविकार-पक्षाघातासारख्या घटना 45 टक्क्यांनी कमी! तो आकडा वाचून मी चष्मा पुसला. साध्या गणिताचा प्रश्न आहे. वरचा दाब 10 मिलिमीटरनं उतरवला तर अशा घटना सुमारे 20 टक्क्यांनी घटतात, हे अनेक चाचण्या एकत्र मांडून दिसलेलं आहे. हायजियात दोन गटांच्या झोपेतल्या दाबात फरक होता जेमतेम 3 मिलिमीटरचा. म्हणजे गोळी घेण्यानं जेवढा फायदा होतो, त्याच्या दुप्पट फायदा तीच गोळी बारा तास पुढे ढकलल्यानं? रुग्णांची वाटणी नेमकी कशी केली, हे जगभरच्या तज्ज्ञांनी विचारलं आणि ज्या नियतकालिकानं निबंध छापला होता, त्यालाच पुढे त्याबद्दल चिंता व्यक्त करणारं निवेदन द्यावं लागलं.

पण तोवर इकडे काय झालं? बातमी व्हॉट्सअ‍ॅपवरून भाईंदरच्या फाटकापासून घोडबंदरच्या पाड्यांपर्यंत पोहोचली. काही डॉक्टरांनी एका आठवड्यात आपल्या सगळ्या रुग्णांच्या चिठ्ठ्यांवर 1-0-0 खोडून 0-0-1 केलं. रुग्णाला कुणी काही विचारलं नाही. माझी तक्रार ही आहे आणि ती स्पेनच्या डॉक्टरांविरुद्ध नाही.

एक गोष्ट सांगतो. इथल्याच हमरस्त्यावरच्या एका हॉटेलातला तंदूरवाला. संध्याकाळी सातला कामावर, पहाटे पाचला सुट्टी. वय पंचेचाळीसच्या आसपास. टेल्मिसार्टन 40 आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड साडेबारा, एकत्र असलेली गोळी, चिठ्ठीवर लिहिलेलं, ‘रात्री झोपताना, जेवणानंतर’. माझ्याकडे आला तेव्हा दाब 170/104, आणि आधीच्या ठिकाणी तिसरं औषध वाढवून झालेलं. मी त्याला म्हटलं, औषधांची पिशवी घेऊन ये. आणली. महिन्याभरापूर्वी घेतलेल्या स्ट्रिपा जवळजवळ भरलेल्या होत्या.

‘का रे बाबा?’ म्हटलं, तर तो म्हणाला, ‘साहेब, रात्री तर मी भट्टीपुढे असतो. झोपतो सकाळी सहाला. तेव्हा जेवत नाही, आणि लिहिलंय जेवणानंतर. एकदोनदा उपाशीपोटी घेतली तर दिवसभर लघवीला उठतोय. झोप झाली नाही तर रात्री हात भाजतो.’

या माणसाला आपण ‘औषधाबाबत बेफिकीर’ असं लिहून मोकळे होतो. त्यानं आपली चिठ्ठी अक्षरशः पाळली होती. पाळता येण्यासारखी ती नव्हती.

मी काय केलं ते सांगतो, कारण सकाळी ‘व्यवहारात काय करायचं’ हा प्रश्न विचारला गेला आणि उत्तर कुणी दिलं नाही. भट्टीपुढे आधीच घामानं निथळणाऱ्या माणसाची लघवी वाढवणारं औषध काढलं. टेल्मिसार्टन 40 ठेवलं, जोडीला अ‍ॅम्लोडिपिन 5 दिलं. तिसरं औषध थांबवलं, कारण पहिली दोन पोटात गेलीच नव्हती, मग तिसऱ्याची गरज कुणी ठरवली? गोळीची वेळ ठरवली संध्याकाळी साडेपाच, कामावर निघण्याआधी तो घरी चहा-चपाती खातो तेव्हा. जेवणाशी या गोळ्यांचं काही अडत नाही, हे त्याला स्पष्ट सांगितलं. दाब मोजायचा तो गोळी घेण्याच्या अगदी आधी, पाच मिनिटं शांत बसून, दोनदा. दीड महिन्यानं त्याच्या वहीतली सरासरी होती 134/84. घरी मोजलेल्या दाबाची मर्यादा 135/85, म्हणजे काठावर, पण आत.

गोळीच्या आधी मोजायला का सांगितलं? कारण आपण ओपीडीत अकरा वाजता मोजतो, रुग्णानं आठला घेतलेली गोळी तेव्हा ऐन जोरात असते. आकडा छान दिसतो, दोघंही खूश. औषध चोवीस तास पुरतं की नाही, हे कळतं ते पुढची गोळी घेण्याच्या तोंडावर. तेव्हा दाब चढलेला असेल तर वेळ बदलून काही साधत नाही. फार तर न झाकलेले तास रात्रीऐवजी दिवसाकडे सरकतात. तिथे लांब पल्ल्याचं औषध हवं. अ‍ॅम्लोडिपिनची रक्तातली पातळी निम्मी व्हायलाच 30 ते 50 तास लागतात. अशी गोळी सकाळी घ्या, रात्री घ्या, कपडे वाळत घालताना घ्या. लोसार्टनसारख्या आखूड पल्ल्याच्या औषधाला मात्र ही मोकळीक देता येत नाही.

आता सकाळच्या पक्षाकडे वळतो. ते मघाशी फार जोरात टाळ्या वाजवत होते.

माझ्या एक रुग्ण आहेत, ठाण्याला नोकरीला जातात. सकाळी लघवी वाढवणारी गोळी, अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. पुस्तक लिहिणाऱ्यानं वरसावे नाक्यावरची सकाळ पाहिलेली नाही. काजूपाड्यापासून गायमुखपर्यंत बस तास-दीड तास हलत नाही, आणि वाटेत बाईमाणसानं जावं अशी जागा कुठे आहे, मला दाखवा. त्या काय करायच्या? सोमवार ते शनिवार गोळी नाही, फक्त रविवारी. मी ती गोळी संध्याकाळी सहाला, घरी पोहोचल्यावर घ्यायला सांगितली. झोपेपर्यंत तिचा जोर ओसरतो. रात्री दहाला घेतली असती तर दोनला अंधारात उठणं आलं, आणि साठीपुढच्या माणसाचं खुब्याचं हाड मोडायला तेवढं पुरतं.

शास्त्रानं या मोकळिकीला आता पाठबळ दिलेलं आहे. ब्रिटनमधली ‘टाइम’ चाचणी 2022मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. डंडी विद्यापीठाचे टॉम मॅकडोनाल्ड तिचे प्रमुख, 21,104 रुग्ण, पाच वर्षांहून जास्त काळ. हृदयविकार, पक्षाघात, त्यातले मृत्यू मोजले तर संध्याकाळच्या गटात 3.4 टक्के आणि सकाळच्या गटात 3.7. हा फरक योगायोगाच्या पलीकडचा नव्हता. कॅनडातल्या ‘बेडमेड’ चाचणीत 3,357 रुग्ण होते, निकाल 2025मध्ये आला, तोही तसाच. फायदा नाही आणि रात्रीचा दाब फार उतरून नुकसान होईल ही भीतीही खरी ठरली नाही. 2024च्या युरोपीय मार्गदर्शक सूचना तर सरळ सांगतात की रुग्णाला सोयीची आणि रोज पाळता येईल अशी वेळ निवडा.

‘टाइम’मधली एक गोष्ट सकाळी कुणीच मांडली नाही. ठरलेल्या वेळी गोळी घेणं ज्यांना जमलं नाही, त्यांचं प्रमाण सकाळच्या गटात 22.5 टक्के होतं आणि संध्याकाळच्या गटात 39. सगळे स्वतःहून नावं नोंदवलेले, शिकलेसवरलेले ब्रिटिश लोक! थकून आल्यावर गोळी विसरते, एवढा त्याचा अर्थ. दुसरीही बाब ऐकून ठेवा. ज्या हायजियाच्या जोरावर आपण चिठ्ठ्या बदलल्या, तिच्यात दिवसा काम आणि रात्री झोप असलेलीच माणसं घेतली होती. पाळीवर काम करणाऱ्यांना वगळलं होतं. आपल्या तंदूरवाल्याला तिथे कुणी दारातही उभं केलं नसतं. आणि आपल्या दवाखान्यांत येतं कोण? रात्रपाळीचे सुरक्षारक्षक, ट्रक-टेम्पोवाले, स्टीलच्या कारखान्यांतले कामगार, उत्तनचे मच्छीमार, ज्यांची झोप भरती-ओहोटीवर ठरते.

आणि आपले उपास! ‘जेवणानंतर’ लिहिलंत की संकष्टीला गोळी चंद्रोदयानंतर जाते आणि नवरात्रात नऊ दिवस जातच नाही. आमच्याकडच्या एका आजींची गोळी मी देवापुढच्या दिव्याला बांधून टाकली. दिवा लावायचा की गोळी घ्यायची. जेवण असो-नसो, दिवा चुकत नाही. कुठल्या चाचणीत हे लिहिलंय, असं सकाळच्या वक्त्यांनी विचारू नये.

वेळ बदलताना एक सावधगिरी मात्र सोडू नका. जुन्या वेळेची एक आणि नव्या वेळेची एक, अशा दोन गोळ्या एकाच दिवशी जाऊ देऊ नका. लांब पल्ल्याच्या औषधात एखादा मधला मुक्काम लांबला तरी चालतो. तंदूरवाल्यानं पहाटेची गोळी न घेता थेट संध्याकाळची घेतली, काही बिघडलं नाही. चुकलेल्या गोळीची भरपाई दुसऱ्या दिवशी दोन घेऊन करू नये, हेही तोंडानं सांगा. चिठ्ठीवर लिहिलेलं वाचतं कोण?

भारत सरकारचा उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम 2017मध्ये सुरू झाला. आपल्या राज्यात त्याची सुरुवात भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्गातून झाली. तिथे कुणी सकाळ-रात्रीची लढाई लढलं नाही. ठरलेली दोन-तीन औषधं, महिन्याभराचा साठा एकदम हातात, आणि न आलेल्या रुग्णाला फोन. आपल्याला शहरात हे का जमू नये? संघटनेनं दाब मोजायची काही यंत्रं घेऊन आठवडाभरासाठी घरी द्यावीत, असं माझ्या मनात आहे. रात्रपाळीवाल्यांची एक सामायिक नोंदवही ठेवता येईल. तपशील कार्यकारिणी ठरवेल. पैशाचं खजिनदारांना विचारा, ते माझ्याकडे बघत नाहीत.

एवढंच मागतो. उद्या दवाखाना उघडलात की रक्तदाबाच्या पहिल्या रुग्णाला ‘तुम्ही झोपता कधी, उठता कधी, गोळी हाताशी कधी असते’ हे विचारा आणि मगच पेन उचला. आणि पुढच्या वर्षीच्या संयोजकांना माझी अध्यक्ष म्हणून विनंती आहे की सकाळ विरुद्ध रात्र हा परिसंवाद कार्यक्रमपत्रिकेवर पुन्हा ठेवू नका. त्याचा निकाल लागलेला आहे.