महिन्याचे अंदाजपत्रक : आधी मापे, मग आकडे

(मंडळाच्या महिला विभागाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या वर्षी याच सभागृहात कार्यक्रम संपल्यावर कोणीतरी आमच्या हातात एक चिठ्ठी दिली होती. तिच्यावर एवढेच लिहिले होते : ‘आमच्या घराचे महिन्याचे बजेट करून द्या.’ मिळकत किती, घरात माणसे किती, हप्ते कोणते, शिल्लक कशासाठी हवी, यातले एक अक्षरही नव्हते. आम्ही सरकारी नोकर, शिक्षण स्थापत्याच्या डिप्लोमापर्यंत. आमच्या खात्यात जागेवर जाऊन मापे घेतल्याशिवाय साध्या गटाराचेही अंदाजपत्रक होत नाही. मग घराचे कसे करायचे? म्हणून आजचा विषय त्या चिठ्ठीचाच घेतला आहे.

असा प्रश्न आला की सांगायला सर्वात सोपे उत्तर म्हणजे ‘पन्नास-तीस-वीस’. हातात येणाऱ्या पैशांतले निम्मे गरजांना, तीस टक्के हौसेला आणि वीस टक्के शिलकीला. हा नियम अमेरिकेत एलिझाबेथ वॉरन आणि त्यांच्या कन्येने 2005 च्या पुस्तकातून प्रसिद्ध केला. तो वाईट नाही, पण तो दरमहा ठरलेला पगार घेणाऱ्या घराच्या मापाचा आहे. आमच्याकडे पेडणे-डिचोलीत किती घरांत बाराही महिने सारखा पैसा येतो? कोणाचा टेम्पो, कोणाची टॅक्सी, कोणाचे किनाऱ्यावरचे दुकान. पावसाळा लागला की कमाई निम्म्यावर येते.

ती चिठ्ठी देणाऱ्या वहिनी पुढच्या रविवारी यजमानांना घेऊन आमच्या घरी आल्या. त्यांची ओळख पटेल असे काही आम्ही सांगणार नाही, पण त्यांच्या परवानगीने आकडे सांगतो.

पहिला प्रश्न मिळकतीचा. भाऊ म्हणाले, “साहेब, पंचवीस-सत्तावीस हजार पडतात.” आम्ही विचारले, “जुलैत किती पडले?” ते गप्प झाले. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिले, कारण जुलैचा आकडा त्यांनाही कधी कळला नव्हता. मग बँकेचे पासबुक आणि डिझेलची बिले काढली. डिझेल आणि दुरुस्ती वजा जाता नोव्हेंबर ते मे हे सात महिने दरमहा 27,000 आणि जून ते ऑक्टोबर हे पाच महिने दरमहा 18,000 असा हिशेब निघाला. शिवाय वहिनींना गृह आधारचे 1,500 आणि सासूबाईंना दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे 2,000. म्हणजे चांगल्या महिन्यात 30,500 आणि पावसाळ्यात 21,500. वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला 26,750. भाऊंचा आकडा अगदीच खोटा नव्हता, पण ज्या महिन्यात तेवढे पैसे हातात येतात असा महिना वर्षात एकही नव्हता.

दुसरा प्रश्न माणसांचा. नवरा-बायको, सासूबाई, आठवीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा, अशी पाच माणसे. इथे नुसती डोकी मोजून भागत नाही. सासूबाईंचे औषध महिन्याला 1,100 चे, आणि मुलीची शिकवणी व शाळेची ने-आण 1,500.

तिसरा प्रश्न ठरलेल्या खर्चाचा, म्हणजे जो आपल्या मर्जीने या महिन्यात कमी होत नाही तो. टेम्पोचा हप्ता 6,000, वीज 900, पाणी 250, गॅस 900, फोन आणि इंटरनेट 900, आणि वर सांगितलेले औषध व शाळा. एकूण 11,550. त्यापुढे हलता खर्च : किराणा 5,000, मासळी-भाजी-दूध-पाव 4,500, स्कूटरचे पेट्रोल 1,200, किरकोळ 1,000. एकूण 11,700. दोन्ही मिळून महिन्याचा खर्च 23,250.

आता पन्नास-तीस-वीसचे काय होते पाहा. सरासरी मिळकतीचे निम्मे म्हणजे 13,375. टेम्पोचा हप्ता, किराणा आणि मासळी-भाजी एवढेच 15,500 होतात. वीज आणि औषध यायच्या आधीच नियम मोडला. यात त्या घराची काहीही उधळपट्टी नाही.

मिळकत 26,750, खर्च 23,250. भाऊ चटकन म्हणाले, “म्हणजे साडेतीन हजार शिल्लक! मग ती जातात कुठे?” वहिनी हळूच म्हणाल्या, “आणि गेल्या चवथीला माझ्या बांगड्या का ठेवाव्या लागल्या?”

मंडळी, उत्तर या प्रश्नातच होते. महिन्याचे बजेट मागणारा माणूस महिन्याचाच खर्च सांगतो. वर्षातून एकदा येणारा खर्च तो सांगत नाही, कारण तो त्याला खर्च वाटतच नाही, तो त्याला ‘अचानक आला’ असे वाटते. चवथ दरवर्षी येते, तिला अचानक कसे म्हणायचे? आम्ही त्यांना जानेवारीपासून एकेक महिना आठवायला लावला. टेम्पोचा विमा आणि कर 20,000. आयुर्विम्याचा हप्ता 12,000. पावसाआधी कौले चाळणे आणि पुरुमेंताचे सामान, म्हणजे सुकी मासळी, मिरच्या, कोकम, 6,000. जूनमध्ये वह्या, गणवेश, छत्र्या 9,000. चवथीला माटोळी, करंज्या-नेवऱ्या, कपडे, भजनाची मंडळी, पाहुणे 15,000. जत्रा आणि लग्नाचे अहेर 4,000. बेरीज 66,000, म्हणजे महिन्याला 5,500.

साडेतीन हजारांच्या शिलकीतून साडेपाच हजार वजा करा. हे घर महिन्याला 2,000 आणि वर्षाला 24,000 तोट्यात चालले होते. त्या बांगड्या याच तोट्याच्या होत्या.

ते इतके दिवस कळले का नाही, तेही सांगतो. चांगल्या सात महिन्यांत रोजचा खर्च जाऊन दरमहा 7,250 हातात उरतात. ते शिल्लक वाटतात, म्हणून त्यातून कधी मोठा फोन येतो, कधी कोणाला उसने दिले जातात. पावसाळ्याच्या पाच महिन्यांत मात्र दरमहा 1,750 कमी पडतात, आणि शाळा, कौले व चवथ हे 30,000 नेमके त्याच सुमाराला येऊन उभे राहतात. पैसा एका ऋतूत येतो आणि खर्च दुसऱ्या ऋतूत येतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. दुकानदाराच्या वहीतली आपली उधारी जुलै-ऑगस्टमध्ये वाढत असेल आणि दिवाळीनंतर फिटत असेल, तर आपले घरही असेच चालले आहे असे समजावे.

आमच्या डिचोलीने हे फार मोठ्या प्रमाणावर भोगले आहे. खाणीचा हंगाम चालणारच असे धरून अनेकांनी कर्जावर ट्रक घेतले. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, पुढे सुरू झाल्या आणि मार्च 2018 मध्ये न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा थांबल्या. मिळकत थांबली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. म्हणून ठरलेला हप्ता घेताना चांगला महिना पाहू नये, सर्वात पडता महिना पाहावा.

चौथा प्रश्न, शिल्लक किती आणि कशासाठी? वहिनी म्हणाल्या, “जमेल तेवढी.” आम्ही म्हटले, “वहिनी, ‘जमेल तेवढी’ कधीच जमत नाही.” मग मुलगीच बोलली. तिला दहावीनंतर मये इथल्या सरकारी तंत्रनिकेतनात डिप्लोमा करायचा आहे. लॅपटॉप, प्रवेशाचे पैसे, साहित्य आणि पहिल्या वर्षाचा प्रवास धरून त्यांनी 75,000 चा आकडा ठरवला. हाताशी महिने होते तीस, म्हणजे दरमहा 2,500. तोट्यातल्या घराला ते आज शक्य नव्हते, आणि तसे आम्ही स्पष्ट सांगितले.

पण टेम्पोचे हप्ते फक्त चौदा उरले होते. म्हणून काम दोन टप्प्यांत मांडले. पहिले चौदा महिने शिलकीचे नावच काढायचे नाही, फक्त तोटा बंद करायचा. फोनच्या योजना बदलून 300, किरकोळमधून 500, बाजारातून 400, पेट्रोलमधून 200, असे दरमहा 1,400 कमी केले. चवथीचे 15,000 चे 12,000 केले. माटोळीला हात लावला नाही, कपडे आणि फटाके कमी केले. उरलेल्या 350 साठी भाऊंनी महिन्याला एक भाडे जास्त मारायचे कबूल केले. सासूबाईंच्या औषधाला आणि मुलांच्या दुधाला कात्री लावायची नाही, हे आधीच ठरले होते.

आता पडत्या महिन्यात मिळकत 21,850 आणि खर्चही 21,850. चांगल्या महिन्यात दरमहा 9,000 उरतात. सात महिन्यांचे 63,000, म्हणजे वर्षाच्या खर्चाची बरोबर रक्कम. ते 9,000 दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकायचे, त्या खात्याचे कार्ड घ्यायचे नाही, आणि विमा, शाळा, कौले, चवथ यांचे पैसे त्यातूनच काढायचे. ती शिल्लक नव्हे. ती पुढच्या पावसाळ्याची उधारी आहे, फक्त आधी फेडलेली.

चौदा महिन्यांनंतर हप्त्याचे 6,000 मोकळे होतील. ते तेरा महिने मुलीच्या नावावर टाकले की 78,000 होतात. शेवटचे तीन महिने टेम्पोच्या टायरांना राहतात. या मांडणीत एक उणीव आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. पहिल्या चौदा महिन्यांत घरात मोठे आजारपण आले किंवा टेम्पो महिनाभर उभा राहिला, तर हा हिशेब कोसळेल. तेव्हा कर्ज काढावे लागेल. पण निदान कशासाठी काढले आणि किती काढले हे दोघांनाही माहीत असेल.

जाताना भाऊ आम्हाला म्हणाले, “साहेब, जुलैचा आकडा मी हिला सांगत नव्हतो. घाबरेल म्हणून.” वहिनी म्हणाल्या, “मी बांगड्यांचे व्याज सांगत नव्हते.” चिठ्ठी कोरी का होती, ते आम्हाला तेव्हा कळले.

तेव्हा यापुढे कोणाकडे घराचे बजेट मागाल, तर चिठ्ठीवर पाच ओळी लिहून आणा : सर्वात कमी मिळकतीचा महिना, घरातली माणसे आणि त्यांची औषधे-शाळा, ठरलेले हप्ते आणि ते कधी संपतात, वर्षातून एकदा येणारे खर्च, आणि शिल्लक किती, कशासाठी, कधीपर्यंत. एखादी ओळ भरता येत नसेल तर ती मोकळी ठेवा आणि महिनाभर रोज रात्री वहीत खर्च लिहा. आणि त्या पाच ओळी नवरा-बायकोने एकाच कागदावर, एकत्र बसून लिहा.

चवथीची माटोळी बांधताना यंदा त्या घरात बांगड्यांचा विषय निघाला नाही, एवढे कळले. आमचे भाषण इथेच संपवतो.

गणपती बाप्पा मोरया!