टिंब, स्वल्पविराम आणि सव्वा किलोचा टोप

भाईंदर पूर्वेला स्टेनलेस स्टीलची भांडी घडवणारे अनेक कारखाने आहेत. समजा, अशा एका कारखान्याने ४०० टोपांची वजनयादी जर्मनीतल्या ग्राहकाला पाठवली. एका टोपाचे वजन 1.250 किलो, म्हणजे एकूण 500 किलो. आपल्याकडे टिंब हे दशांशचिन्ह आहे आणि सूत्रातल्या दोन संख्या स्वल्पविरामाने वेगळ्या होतात. जर्मनीत दशांशाला स्वल्पविराम, हजाराला टिंब आणि सूत्रात अर्धविराम वापरतात. यादी साध्या सीएसव्ही मजकुरात गेली, तर तिथे उघडताच सगळी ओळ एकाच रकान्यात कोंबलेली दिसते. ग्राहक ती स्वल्पविरामावर तोडतो. रकाने सुटे होतात, पण 1.250 चे आता 1250 झालेले असतात आणि बेरीज 5 लाख किलोवर जाते. आधीचा बिघाड डोळ्यांना दिसला, हा दिसला नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की खरे नुकसान सूत्र तुटल्याने होत नाही, ते न तुटता अर्थ बदलते तेव्हा होते. हे सूत्र पाहा:

```
=MAX(2,5)
```

आपल्या संगणकावर टाइप केले तर उत्तर 5. ईमेलमधून उचलून जर्मन मांडणीच्या संगणकावर चिकटवले तर तिथे ती एकच संख्या ठरते, अडीच. कुठलीही चूक दाखवली जात नाही.

यावर कोणी म्हणेल, एक्सेलची xlsx फाइल पाठवा, प्रश्न मिटला. बऱ्याच अंशी ते खरे आहे. त्या फाइलच्या पोटात सूत्र कायम स्वल्पविरामाने आणि संख्या टिंबाने लिहिलेली असते. पडद्यावर मात्र ती ज्या त्या देशाच्या चिन्हांत दिसते. पण अवतरणचिन्हांतला मजकूर कोणी बदलत नाही. =VALUE("1.250") हे सूत्र अखंड पोहोचते, इथे सव्वा देते आणि तिथे साडेबाराशे. दुसरा सल्ला असा, की विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये चिन्हे बदलून टाका. तो मला पटत नाही, कारण ते सेटिंग त्या संगणकावरच्या सगळ्या कामाला लागू होते. एक यादी सुधारताना दुसऱ्या याद्यांवर तेच संकट येते.

त्यापेक्षा मजकुरालाच त्याची चिन्हे सांगून टाकावीत. एक्सेल 2013 पासून त्यासाठी वेगळे फंक्शन आहे:

```
=NUMBERVALUE(A2,".",",")
```

A2 मध्ये वजन मजकूर म्हणून आलेले असेल, तर दशांश कुठला आणि हजाराचे चिन्ह कुठले हे इथे स्पष्ट लिहिलेले असते. हे सूत्र xlsx फाइलमधून गेले, तर दोन्ही देशांत उत्तर सव्वाच येते. मात्र वजनाचे आधीच 1250 झालेले असेल तर याचा उपयोग नाही. म्हणून फाइल उघडण्याआधी रिकाम्या खणात =1/2 टाकावे. त्यात कुठलेच वादग्रस्त चिन्ह नाही, आणि उत्तर 0.5 दिसते की 0,5 यावरून तो संगणक टिंबाला काय समजतो ते कळते. यादीसोबत एकूण वजन शब्दांतही लिहून पाठवावे: पाचशे किलो.