आतडी टाकून जीव वाचवणारी समुद्री काकडी

पालीची शेपूट तुटून वळवळताना तुम्ही सगळ्यांनीच पाहिली असेल. मांजर त्या शेपटीकडे बघत राहतं आणि पाल निसटते. आज आम्ही अशा प्राण्याबद्दल सांगणार आहोत जो शेपूट नाही, तर पोटातली आतडीच बाहेर टाकतो, आणि पुढच्या काही आठवड्यांत ती नव्याने उगवतो. त्याचं नाव समुद्री काकडी.

नाव काकडीचं असलं तरी हा जिवंत प्राणी आहे, तारामाशाचा नातेवाईक. लांबट, मऊ, समुद्राच्या तळाशी हळूहळू सरकणारा. एका टोकाला तोंड, दुसऱ्या टोकाला गुदद्वार. त्याच्या बऱ्याच जाती वाळू गिळतात, वाळूतलं सडकं-कुजकं अन्न पचवतात आणि स्वच्छ वाळू मागून बाहेर टाकतात. याला कवच नाही, दात नाहीत, पळण्याचा वेग नाही. खेकडा, मासा किंवा मोठा तारामासा अंगावर आला तर करणार काय?

आधी एक गोष्ट वेगळी करू या, कारण दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. काही जातींच्या पोटात मागच्या बाजूला पांढऱ्या नळ्यांचा जुडगा असतो. कोणी छेडलं की त्या नळ्या गुदद्वारातून बाहेर येतात, ताणून लांबच लांब होतात आणि शत्रूला चिकटतात. खेकडा त्या चिकट दोऱ्यांत गुरफटतो. त्या नळ्या म्हणजे आतडी नव्हेत. ते वेगळंच शस्त्र आहे, आणि सगळे दोरे एकदम खर्चही होत नाहीत. आपली आजची गोष्ट आहे खऱ्या आतड्यांची.

कोथळा बाहेर आला म्हणजे माणूस वाचत नाही, हे आपण इतिहासात ऐकत आलो आहोत. समुद्री काकडीचा कोथळा मात्र ती स्वतःच बाहेर काढते. ते असं घडतं. तिच्या पोटाची पोकळी पाण्यासारख्या द्रवाने भरलेली असते. त्यात आतडं लोंबकळत असतं, आणि त्याला आतल्या भिंतीशी धरून ठेवणारा एक पातळ पडदा असतो. बकऱ्याची वजडी साफ करताना आतड्यांना धरून असलेला पातळ, चिवट पडदा दिसतो ना, तसाच. तिच्या अंगातले काही धागे गरजेप्रमाणे घट्ट किंवा सैल होतात. थिजलेलं तूप ऊब लागताच पातळ होतं तसे, पण इथे उबेची गरज नाही, शरीराचीच आज्ञा असते. धोका वाटला की आतडं धरून ठेवणारे धागे काही क्षणांत सैल पडतात. त्याच वेळी अंगाचे स्नायू आवळले जातात, आतल्या द्रवाचा दाब वाढतो, मागची भिंत फाटते आणि आतडं बाहेर फेकलं जातं. काही जातींत ते मागून नाही, पुढून तोंडाकडून येतं, आणि तोंडाभोवतीच्या शुंडाही सोबत जातात.

शत्रू त्या आतड्यांकडे वळला की काकडी हळूच सरकून जाते. पण हे फक्त शत्रूमुळेच घडतं असं नाही. पाणी तापलं, प्राणवायू कमी पडला, बादलीत खूप जणी कोंबल्या, तरी ती आतडी टाकते. आतडी बाहेर दिसली म्हणजे ती मेली असं नाही, पण ती मोठ्या ताणात आहे एवढं नक्की.

आता खरा प्रश्न. रिकाम्या पोटात नवं आतडं येतं कुठून? पोर्टो रिको बेटावरच्या विद्यापीठात होझे गार्सिया-अरारास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षे अभ्यासला. तिथल्या खडकाळ किनाऱ्यावर सापडणारी एक काळी समुद्री काकडी त्यांनी घेतली. पोटात एक क्षार टोचला की ती आतडं टाकते. मग रोज काय घडतं ते त्यांनी पाहिलं.

त्यांना दिसलं ते असं. बाहेर गेलं ते बहुतेक सगळं आतडं. मागे राहिली पुढची अन्ननलिका, मागचं टोक, आणि या दोहोंमध्ये पसरलेला तो पातळ पडदा. सगळी पुढची गोष्ट या पडद्याच्या फाटलेल्या कडेवर घडते. पहिल्या काही दिवसांत ती कड जाडसर होते. आठवडाभरात तिथे दोरीसारखी एक भरीव वळी तयार होते, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत. अजून तिच्यात पोकळी नाही, अन्न जाणार कुठून? मग दोन्ही टोकांकडून पोकळी आत सरकत येते, दोन बाजूंनी बोगदा खणावा तशी, आणि मध्ये जुळते. तीन-चार आठवड्यांत तोंडापासून गुदद्वारापर्यंत पुन्हा एक सलग नळी होते. सुरुवातीला ती बारीक असते, हळूहळू भरते.

त्या पडद्यातल्या स्नायूंच्या जुन्या पेशी आपलं ठरलेलं काम सोडून देतात, पुन्हा साध्या पेशींसारख्या होतात, वाढतात आणि नवं काम घेतात. म्हणजे नवं आतडं शून्यातून येत नाही. जे मागे राहिलं त्यातूनच ते उभं राहतं.

याची किंमतही मोठी आहे. या सगळ्या काळात तिला खाता येत नाही. अंगात साठवलेल्यावरच ती जगते आणि आकाराने लहान होते. नळी जुळून काम सुरू झालं की नाही हे ओळखण्याची खूण साधी आहे, तिच्या मागे पुन्हा वाळूच्या वळ्या पडू लागतात. तोवर दुसरं संकट आलं तर टाकायला तिच्याकडे काही उरलेलं नसतं.

दक्षिण प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवर बाया या उगवण्याचा उपयोग करतात. ओहोटीला त्या एका जातीची समुद्री काकडी उचलतात, अंगाला छोटी चीर देतात, आतलं काढून घेतात आणि प्राणी परत पाण्यात सोडतात. ते आतडं समुद्राच्या पाण्यासोबत बाटलीत भरून विकलं जातं. त्याला तिथे 'सेआ' म्हणतात. प्राणी जिवंत राहिला, जखम भरली, तर पुन्हा पीक मिळतं. पण तीच काकडी महिन्याच्या आत पुन्हा चिरली, तर हाती बारीक नळीच लागणार.

आपल्या देशात गोष्ट उलटी झाली. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मन्नारच्या आखातात ही काकडी संपूर्ण पकडून, उकडून, वाळवून परदेशात विकली जात असे. वाळवलेली काकडी काही उगवणार नाही. संख्या घटत गेली आणि 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सगळ्या समुद्री काकड्या पकडण्यावर बंदी आली. वाघाला मिळतं तेच संरक्षण तिला मिळालं. त्यावर पोट भरणाऱ्या घरांना मात्र दुसरी वाट शोधावी लागली.

आतडं गेलं तरी ती पुन्हा उभी राहते, ती तो पातळ पडदा आत राहिला म्हणून. संपूर्ण प्राणीच नेला, तर उगवायला मागे काहीच राहत नाही. तेव्हा कधी किनाऱ्यावर काळसर, मऊ, काकडीसारखं काही पडलेलं दिसलं आणि त्याच्या मागून आतडी बाहेर आलेली असली, तर ते हातात घेऊ नका, बादलीतही टाकू नका. पाण्यात असेल तिथेच राहू द्या. पुढचा महिना तिला आतडं शिवायचं आहे.