नकार कुठवर पोचतो?



पत्रिकेत ‘इन्व्हर्जन’ हा शब्द छापल्यामुळे पुढच्या तीन रांगा रिकाम्या राहिल्या आहेत. (हशा) जे आलात ते बहुतेक बारावीला ‘नो सूनर… दॅन’ घोकलेले आणि नंतर टोफेल दिलेले. त्यामुळे नियम काय तो तुम्हाला पाठ आहे: नेव्हर, हार्डली, सेल्डम वाक्याच्या तोंडाशी आले की सहायक क्रियापद कर्त्याच्या पुढे उडी मारतं, सहायक नसेल तर ‘डू’ उसना आणायचा. ‘नेव्हर ही सेड’ नाही, ‘नेव्हर डिड ही से’. पुढे जातो.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा नियम शब्दांच्या यादीचा नाही. नकार वाक्यात कुठवर पोचतो, याचा तो नियम आहे. जुन्या कागदी टोफेलात व्याकरणाचे ४० प्रश्न २५ मिनिटांत सोडवायचे असत. त्या घाईत माणूस यादीच पाठ करणार. आमच्या खोलीतल्या मित्रानं तर ती फ्रिजवर चिकटवली होती.

आता त्याची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो. जानेवारीत आमचा हीटर बंद पडला. घरमालकीण बाईंनी तासाभरात माणूस पाठवला. मित्र कृतज्ञ. म्हणाला, आभाराची चिठ्ठी लिहू, आणि जरा भारदस्त लिहू. यादीत ‘नो’ होताच. त्यानं लिहिलं, ‘इन नो टाइम डिड यू फिक्स द हीटर.’ संध्याकाळी बाई दारात. हातात प्लंबरची पावती, त्यावरच्या वेळेवर बोट. त्यांनी वाचलं होतं की तुम्ही हीटर कधीच दुरुस्त केला नाहीत. मित्र ‘थँक यू, थँक यू’ म्हणतोय, बाईंना वाटतंय हा टोमणा मारतोय. शेवटी पोहे खायला घालून प्रकरण मिटवलं. पोह्यांचं पुढे काय झालं तेही सांगण्यासारखं आहे, पण अध्यक्षांनी घड्याळ काढलंय. (हशा)

चूक कुठे झाली? ‘इन नो टाइम’ म्हणजे चुटकीसरशी. त्यातला ‘नो’ फक्त ‘टाइम’ला धरून आहे, दुरुस्ती झाली, हे वाक्य होकारीच आहे. म्हणून क्रम सरळ: ‘इन नो टाइम यू फिक्स्ड द हीटर.’ याउलट ‘ॲट नो टाइम डिड यू फिक्स इट’ यात नकार क्रियापदापर्यंत पोचतो, दुरुस्तीच नाकारतो. बाईंनी उलटलेला क्रम पाहिला आणि दुसरा अर्थ लावला. त्यांचं काय चुकलं?

ओळखायचं कसं? १९६४ साली, म्हणजे टोफेल सुरू झाली त्याच वर्षी, एडवर्ड क्लिमा यांचा इंग्रजी नकारावरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यातली एक कसोटी माझ्या फार आवडीची आहे: वाक्याला प्रश्नाचं शेपूट लावा. ‘इन नो टाइम यू फिक्स्ड इट, डिडन्ट यू?’ शेपूट नकारी, म्हणजे वाक्य होकारी. ‘ॲट नो टाइम डिड यू फिक्स इट, डिड यू?’ शेपूट होकारी, म्हणजे वाक्य नकारी, आणि क्रम उलटा.

इथे जन्मलेल्या आपल्या मुलांना यादी लागत नाही. पानात कारलं वाढा. ‘नो वे ॲम आय ईटिंग दॅट!’ हे इन्व्हर्जनच. ‘नीदर डू आय’ हेही तेच. ही रचना जुनाट, पुस्तकी आहे असं समजणाऱ्यांनी पोरांचं भांडण ऐकावं.

(सभागृहातून: ‘नॉट ओन्ली’चं काय?) वाटच पाहत होतो! (हशा) ‘नॉट ओन्ली डिड ही कम लेट…’ यात गृहस्थ उशिरा आलेच आहेत, मग नकार कसला, असंच ना? नाकारलंय ते ‘एवढंच झालं’ हे. तो ‘नॉट’ ‘ओन्ली’ला कापतो, येण्याला नाही, पण ‘ओन्ली’ची व्याप्ती सगळ्या वाक्यावर असल्यानं क्रम उलटतो. शेपटाची कसोटी इथे लंगडते, मान्य. कर्त्याला चिकटला की मात्र उलटापालट नाही: ‘नॉट ओन्ली राम बट ऑल्सो श्याम केम.’ तुमचं समाधान झालेलं दिसत नाही; चहाच्या वेळी भेटा.

चिठ्ठी आली, दोन मिनिटं. २००५ साली नव्या टोफेलातून व्याकरणाचा तो स्वतंत्र विभाग गेला, यावर बोलायचं होतं, राहू दे. ‘हार्डली’ घाईत सांगतो: ‘हार्डली हॅड आय सॅट डाउन व्हेन द फोन रँग.’ आधीच्या क्रियेला ‘हॅड’, जोडायला ‘व्हेन’. ‘दॅन’ हा ‘नो सूनर’चा सोबती.

आणि ‘ओन्ली आफ्टर’मध्ये उडी दुसऱ्या उपवाक्यात: ‘ओन्ली आफ्टर ही लेफ्ट डिड आय नोटिस.’ ‘आफ्टर’लगतचं ‘ही लेफ्ट’ सरळच राहतं. पेपरात निम्मी मुलं तेच उलटं करून येतात. ‘ओन्ली लास्ट संडे आय मेट हिम’ म्हणजे अगदी परवाच्या रविवारी भेटलो, क्रम सरळ. ‘ओन्ली ऑन संडेज डू आय मीट हिम’ म्हणजे इतर वारी भेट नाही, क्रम उलटा. इतर वार नाकारले गेले का, तेवढं बघा. हो, हो, थांबतो.