आमचा हुलगा, तुमचे कुळीथ



आज आपण बोलण्याविषयीच बोलणार आहोत. आपण मराठी बोलतो, समोरचाही मराठीच बोलतो, आणि तरी मधेच एखादा शब्द अडतो. तो कसा सोडवावा, हे आज पाहू.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर आहे. आषाढीला आणि कार्तिकीला तेथे सारा महाराष्ट्र लोटतो. कोकणातले येतात, वऱ्हाडातले येतात, खानदेशातले येतात, मराठवाड्यातले येतात. विठोबाचे नाव साऱ्यांचे एकच. पण भाकरी, भाजी, शेत, पोर यांची नावे जागोजाग वेगळी. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींची पाहणी केली. पाहणी करणारी माणसे गावोगाव गेली. या वस्तूला तुम्ही काय म्हणता, त्या नात्याला काय म्हणता, असे त्यांनी लोकांना विचारले. गाव बदलले की शब्द बदलतो. यात कोणाचे चुकत नाही.

शब्द दोन तऱ्हांनी अडतो. पहिली तऱ्हा सोपी आहे. आपण म्हणतो, "बाजारातून माळवं आणलं." मुंबईच्या पाहुण्याने माळवं हा शब्द कधी ऐकलेलाच नसतो. तो विचारतो, "माळवं म्हणजे?" आपण सांगतो, "भाजीपाला हो. वांगी, गवार, मेथी." झाले, शब्द सुटला. पाहुण्याला आपल्याला कळले नाही हे ठाऊक होते, म्हणून त्याने विचारले.

दुसरी तऱ्हा फसवी आहे. शब्द दोघांनाही ठाऊक असतो, पण दोघांच्या मनातला अर्थ वेगळा असतो. शहरातला माणूस दारात येऊन विचारतो, "मालक आहेत का?" घरची बाई सांगते, "रानात गेल्यात." आपल्याकडे रान म्हणजे शेत. त्याच्या मनात रान म्हणजे जंगल. तो म्हणतो, "मग आज काही परत येणार नाहीत," आणि निघून जातो. मालक असतो हाकेच्या अंतरावर, ज्वारी राखत! येथे कोणी काही विचारले नाही, कारण दोघांनाही वाटले की आपल्याला कळले.

मग असा घोटाळा ओळखावा कसा? त्याची एक खूण आहे. बोलण्याला जोडून उत्तर येत नाही. आपण एक बोलतो आणि समोरचा भलतेच उत्तर देतो. किंवा त्याचा चेहरा एकदम बदलतो. कारण नसताना तो नको म्हणतो, गप्प होतो, रागावतो. असे झाले की आधी माणसावर शंका घेऊ नये, शब्दावर घ्यावी.

हे नीट कळावे म्हणून एक प्रसंग समोर ठेवू. समजा, कार्तिकीची वारी आहे. एकादशीला दोन दिवस आहेत. पंढरपूरजवळच्या एका गावात अलिबागकडची एक म्हातारी बाई मुक्कामाला उतरली आहे. गळ्यात तुळशीची माळ आहे. चालून चालून दमली आहे, भूक लागली आहे. घरची सून ताट मांडते आणि म्हणते,

"मावशी, हात धुवा. भाकरी अन् कालवण केलंय."

मावशी एकदम मागे सरते. "नको गो बाय. मी माळकरीण. मला नुसती भाकरी दे."

सुनेचा चेहरा उतरतो. तिच्या मनात येते, आम्हीही माळकरीच आहोत, मग आमच्या घरचे हिला का चालू नये? आमची जात पाहते की काय? तिकडे मावशीच्या मनात येते, दारात तुळस आहे, भिंतीवर विठोबा आहे, आणि वारीच्या दिवसांत या घरात हे शिजते तरी कसे? दोघी चांगल्या घरच्या, दोघी भाविक. पण एका शब्दाने दोघींची मने दुखावली.

काय झाले होते? आपल्याकडे कालवण म्हणजे भाकरीबरोबर कालवून खायचे कोणतेही पातळ तोंडीलावणे. ते डाळीचे असेल, वांग्याचे असेल, मटणाचेही असेल. अलिबागकडच्या किनाऱ्यावर मात्र कालवण म्हटले की माणसाच्या डोळ्यांपुढे बहुधा मासळी येते. सुनेने डाळ-कडधान्य म्हटले, मावशीने मासे ऐकले.

आता सुनेने काय करावे? "कालवण हो, कालवण!" असे मोठ्याने म्हणून भागणार नाही. मावशीला ऐकू आलेच आहे. शब्द मोठ्याने म्हटला म्हणून त्याचा अर्थ बदलत नाही. उलट, आपल्यावर ओरडली असे मात्र मावशीला वाटेल. "आमच्या घरचं चालत नाही व्हय?" असेही विचारू नये. त्याने शब्दाचा घोटाळा माणसांचा होतो. सुनेने नुसते कशाचे ते सांगावे. समजा, ती म्हणते,

"मावशी, हुलग्याचं कालवण हाय."

हे चांगले केले. पण मावशी अजून गोंधळात आहे. "हुलगा? तो काय असतो?" तिच्या गावी हा शब्द नाही. म्हणजे एक अडलेला शब्द सोडवताना दुसरा अडला. असे पुष्कळदा होते. आपण आपला शब्द आपल्याच गावच्या दुसऱ्या शब्दाने समजावतो. समोरच्याला दोन्ही सारखेच परके.

अशा वेळी शब्द सोडावा आणि वस्तू धरावी. सून आत जाते, डब्यातून मूठभर हुलगे आणते आणि मावशीच्या हातावर ठेवते. मावशी दाणे बोटांनी चाळते आणि हसते.

"अगो, हे तर कुळीथ! आम्ही याची पिठी करतो."

"आमी माडगं करतो. वाढू का मग?"

"वाढ की! मला वाटलं, मासळी आहे."

"तुमच्याकडं कालवण म्हणजे मासळी व्हय? आमच्याकडं कशाचंबी कालवण."

पाहा, किती थोडक्यात मिटले! सुनेने मावशीला "तुमचा शब्द चुकीचा" असे म्हटले नाही. आपला शब्दही टाकून दिला नाही. दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवले. आमचा हुलगा, तुमचे कुळीथ. आणि लगेच ताट वाढायला घेतले. शब्दावर बसून राहिली नाही.

वस्तू हाताशी नसली तर काय करावे? मग ती कशाच्या उपयोगाची, कोठे मिळते, कशी दिसते, यांतले एखादे सांगावे. शेंगा हा शब्द घ्या. सोलापुरात शेंगा म्हटले की भुईमूग. मुंबईच्या बाईला आपण म्हटले, "शेंगाची चटणी पाठवते," तर तिला शेवग्याच्या शेंगा आठवतील. शेवग्याची चटणी कशी करतात, असे ती विचारील. तेव्हा एवढेच म्हणावे, "जमिनीतून उपटून काढतो, त्या शेंगा. दाणे कुटून चटणी करतो." तिला आपोआप शेंगदाणे कळतील. लांबलचक व्याख्यान नको. एक वाक्य पुरे.

आता ऐकणाऱ्याची बाजू पाहू. आपण पाहुणे असलो, किंवा आपल्याकडे पाहुणा आला आणि त्याचा शब्द आपल्याला कळला नाही, तर विचारावे कसे? "हे कसलं मराठी?" असे म्हटले की माणूस मिटतो. मग तो दिवसभर मोजून मापून बोलतो, आणि गप्पांची गोडी जाते. त्यापेक्षा वस्तूविषयी विचारावे. नांदेड-परभणीकडचा पाहुणा म्हणाला, "जाम लई गोड होते," तर म्हणावे, "जाम कोणते हो? कसे दिसतात?" तो सांगेल, वरून हिरवे-पिवळे, आत बारीक बिया. मग म्हणावे, "म्हणजे आमचे पेरू!" हसायचे तर दोघांनी मिळून शब्दावर हसावे. माणसावर हसू नये.

चार माणसांत विचारायचे असेल तर आणखी जपावे. नवी सून परगावची असली आणि तिचा शब्द कोणाला कळला नाही, तर सर्वांदेखत "ती काय म्हणते ते सांगा हो कुणी" असे करू नये. तिच्या शेजारच्या बाईने आपल्या बोलण्यात तोच अर्थ आपल्या शब्दात सहज आणावा. ती म्हणाली, "वाईच थांबा," तर शेजारणीने म्हणावे, "व्हय, उलीसं थांबू या." ऐकणाऱ्यांना कळते, आणि सुनेलाही येथला शब्द मिळतो.

प्रत्येक शब्द अडवलाच पाहिजे असेही नाही. गोष्ट रंगात आली आहे, एक शब्द कळला नाही, पण पुढच्या वाक्यात अर्थ लागला, तर सोडून द्यावे. गप्पा म्हणजे परीक्षा नव्हे.

पण एक ठिकाण असे आहे की तेथे अंदाजाने चालू नये. दिवस, पैसा, माप आणि औषध यांची गोष्ट निघाली की नक्की करून घ्यावे. परवा हा शब्द तर साऱ्या मराठीत दुतोंडी आहे. होऊन गेलेला दिवसही परवा, येणारा दिवसही परवा. पाहुणा म्हणाला, "परवाचं ठरलंय," तर आपण वार घालून बोलावे, "म्हणजे येत्या शुक्रवारी ना?" चूक असेल तर तो तेथेच सांगेल. "मला कळलं नाही, पुन्हा सांगा" असे म्हटले तर तो पुन्हा परवाच म्हणेल. म्हणून आपल्याला काय कळले ते आपणच बोलून दाखवावे. त्याने समोरच्याला कमीपणा येत नाही, आणि शुक्रवारची गाडी शनिवारी धरायची पाळीही येत नाही.

तर एवढे ध्यानात ठेवा. उत्तर जुळेना की शब्दावर शंका घ्यावी. शब्द मोठ्याने न म्हणता वस्तू दाखवावी किंवा तिचा उपयोग सांगावा. मग त्यांचा आणि आपला असे दोन्ही शब्द एकदा शेजारी ठेवावे आणि गप्पा पुढे चालू द्याव्या.

तुमच्या घरीही परगावाहून आलेली सून, जावई, भावजय असेल. आज रात्री जेवताना ताटातल्या एकेका पदार्थाला त्यांच्या गावी काय म्हणतात ते विचारा. आणि आता तुम्हाला लिहिता येते. तेव्हा वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. एकीकडे आपला शब्द लिहा, दुसरीकडे त्यांचा. पहिल्या ओळीत लिहा: हुलगा, कुळीथ.