मांजराच्या डोळ्यांतला उजेड



इस्लापूरच्या बाजूला रात्री लाइट गेली आणि बॅटरी घेऊन गोठ्याकडं निघालं, की कडब्याच्या गंजीपाशी दोन हिरवट दिवे लागलेले दिसतात. जवळ जावं, तर मांजर! मग कुणीतरी हमखास सांगतं, की मांजराच्या डोळ्यांत स्वतःचा उजेड असतो. तसं नाही. बॅटरी विझवली, की ते दिवेही विझतात. बॅटरी हात लांब करून बाजूला धरली, की चमक फिकी पडते. कपाळाशी धरली, की पुन्हा लखलखते. आपलाच उजेड जिथून गेला, तिकडंच परत येत असतो.

डोळ्याच्या मागच्या बाजूला प्रकाश टिपणारा पडदा असतो. मांजराच्या या पडद्यामागं आणखी एक चकाकणारा थर आहे. पडद्याकडून निसटलेला प्रकाश त्यावर आपटून माघारी फिरतो आणि पडद्याला तो टिपायची दुसरी संधी मिळते. त्यात दिवसा उभ्या फटीएवढी असलेली बाहुली रात्री वाटोळी फाकते. त्यामुळं आपल्याला लागतो त्याच्या साधारण सहाव्या हिश्शाच्या उजेडात मांजराचं भागतं. मात्र कणगीमागं ठार अंधार असेल, तर तिथं मांजरालाही दिसत नाही. तिथं त्याच्या मिशा आणि कान कामी येतात.

या सोयीची किंमतही आहे. माघारी फिरणारा प्रकाश थोडा विखुरतो, त्यामुळं चित्र पुसट होतं. आपण शंभर फुटांवरून जे नीट ओळखतो, त्यासाठी मांजराला वीसेक फुटांवर यावं लागतं. रंग टिपणाऱ्या पेशीही त्याच्याकडं कमी. निळा आणि पिवळसर हिरवा त्याला वेगळे कळतात, लाल नाही. अंगणात वाळत घातलेल्या लालभडक मिरच्या त्याच्या लेखी मळकटच असणार. उंदीर धरायला रंग लागतो कशाला म्हणा! हालचाल दिसली की झालं.

आता थोडं काळजीचं. मांजराच्या त्या पडद्याला टॉरिन नावाचा घटक लागतो, आणि तो मांस-मासळीतून मिळतो. १९७५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की दुधातल्या केसिन या प्रथिनावरच ठेवलेल्या मांजरांचा पडदा झिजत जातो. उंदीर मारणाऱ्या मांजराला टॉरिन आपसूक मिळतं. घरात कोंडून दूधभातावर पोसलेल्या मांजराला ते पुरेसं मिळत नाही. झिजलेला पडदा पुन्हा भरून येत नाही.

तेव्हा घरकोंड्या मांजराला मासळी किंवा मांस द्या. आणि भर दुपारच्या उन्हातही त्याची बाहुली फाकलेलीच राहत असेल किंवा ते ओळखीच्या उंबऱ्याला धडकत असेल, तर उशीर न करता जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.