भाड्याच्या घराची खरी किंमत

भिलाईच्या पोलाद कारखान्याने अनेक मराठी कुटुंबांना छत्तीसगडात नेलं. निवृत्तीनंतर त्यांतल्या काहींनी नेहरू नगरसारख्या वसाहतीत घर घेतलं. पुढे मुलं पुण्या-नागपूरला स्थिरावली, घर भाड्याने गेलं, आणि आता ते ठेवावं की विकावं, किंवा शेजारचं आणखी एक घ्यावं, असा विचार सुरू होतो. अशा वेळी बहुतेक जण वर्षाचं भाडं घेऊन त्याला किमतीने भागतात. हा झाला ढोबळ परतावा. माझं म्हणणं असं की या आकड्यावरून गुंतवणुकीचा निर्णय घेऊ नये, कारण घराच्या मालकाला तो कधी मिळतच नाही.

एक उदाहरण मांडून पाहू. त्यातले आकडे हिशोबापुरते मानलेले आहेत. नेहरू नगरातल्या वीस वर्षं जुन्या घराची मागणी साठ लाख रुपये आहे आणि भाडं महिना अठरा हजार. वर्षाचे दोन लाख सोळा हजार होतात, म्हणजे ढोबळ परतावा 3.6 टक्के. पण एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत सरासरी वर्षाला एक महिना घर रिकामं राहतं. अठरा हजार गेले. मालमत्ता कर आणि पाणीपट्टीचे चौदा हजार. दलाली, विमा आणि देखरेख यांचे दहा हजार. रंगकाम, गच्चीची गळती आणि पंप यांचा खर्च दरवर्षी सारखा नसतो, पण काही वर्षांचा मिळून सरासरी धरला तर तीस हजार. एकूण बहात्तर हजार वजा जाऊन हाती उरतात एक लाख चव्वेचाळीस हजार. निव्वळ परतावा 2.4 टक्के, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्सा वाटेतच संपला. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे साडेचार लाख खरेदीच्या किमतीत मिळवले, तर तो आणखी उतरून सव्वादोनच्या आसपास येतो.

कर्जाचा हप्ता आणि प्राप्तिकर मी मुद्दामच वजा केले नाहीत. ते घराचे नसतात, मालकाचे असतात. मालक बदलला की तेही बदलतात. हे दोन्ही बाजूला ठेवून उरलेलं निव्वळ उत्पन्न घराच्या बाजारमूल्याशी ताडलं की मिळतो भांडवलीकरणाचा दर, ज्याला व्यवसायातली माणसं ‘कॅप रेट’ म्हणतात. मूल्यांकनात हाच दर उलट्या दिशेने वापरतात. आसपास अलीकडे विकल्या गेलेल्या, भाडेकरू असलेल्या तशाच घरांचं निव्वळ उत्पन्न त्यांच्या विक्रीच्या किमतीच्या तीन टक्के निघालं, असं समजा. मग आपले एक लाख चव्वेचाळीस हजार भागिले तीन टक्के, म्हणजे अठ्ठेचाळीस लाख. मागणी मात्र साठ लाखांची आहे. सर्वांत महाग पडणारी चूक इथेच होते: दर निव्वळ उत्पन्नावरून काढलेला असतो आणि भागायला घेतात ढोबळ भाडं. तसं केलं की त्याच घराचे बहात्तर लाख दिसू लागतात. शिवाय हा दर नाजूक आहे. तीनऐवजी अडीच टक्के धरला तर अठ्ठेचाळीसचे जवळजवळ अठ्ठावन्न लाख होतात. म्हणून एकाच व्यवहारावर विसंबू नये.

जमीन कुणाची, यावरही दर ठरतो. आता रद्द झालेल्या संपत्तिकराच्या नियमांत मालकीच्या जमिनीवरच्या घरासाठी निव्वळ भाड्याची साडेबारा पट किंमत धरत. भाडेपट्ट्याची पन्नास किंवा अधिक वर्षं उरली असतील तर दहा पट, आणि त्याहून कमी उरली असतील तर आठ पट. साडेबारा पट म्हणजे आठ टक्क्यांचा दर, आठ पट म्हणजे साडेबारा टक्क्यांचा. ते गुणक आज चालणार नाहीत, पण त्यांमागचा तर्क टिकून आहे: उत्पन्नाची वर्षं मोजकी उरली असतील, तर प्रत्येक रुपयासाठी कमीच मोजावं. भिलाईत कारखान्याच्या टाउनशिपमध्ये लीजवरची घरं आहेत. त्यांचा दर नेहरू नगरातल्या घराला लावण्यापूर्वी दोन्हींचे कागद पाहायलाच हवेत.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की दोन घरांची तुलना करायला ढोबळ आकडा पुरतो. एकाच इमारतीतले दोन सारखे फ्लॅट असतील तर पुरतोही. पण जुना बंगला आणि नवा फ्लॅट यांचा ढोबळ परतावा सारखा दिसला, तरी बंगल्याची गच्ची आणि जुनी नळजोडणी मालकालाच सांभाळावी लागते, आणि सारखेपणा तिथेच संपतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: परतावा कमी असला तरी घराची किंमत वाढते. ती वाढू शकते. म्हणून तर लोक इतका कमी दर स्वीकारतात. पण मग ती वाढ किती लागेल, हे आकड्यात मांडावं. एकूण सात टक्के मिळावेत अशी अपेक्षा असेल आणि हाती 2.4 येत असतील, तर उरलेले 4.6 टक्के दरवर्षी वाढीतूनच यायला हवेत. कॅप रेट तसाच राहिला तर निव्वळ उत्पन्नही त्याच गतीने वाढलं पाहिजे. खर्चही भाड्याच्या प्रमाणात वाढतो असं धरलं, तर आजचं अठरा हजारांचं भाडं दहा वर्षांनी अठ्ठावीस हजारांवर जायला हवं. आणि तोवर इमारत तीस वर्षांची झालेली असेल, म्हणजे दुरुस्ती भाड्याहून वेगाने वाढण्याचीच शक्यता जास्त. विकणाऱ्याकडे मागच्या पाच-सहा वर्षांचे भाडेकरार मागा आणि भाडं खरोखर किती टक्क्यांनी वाढत आलं, ते त्यांतून काढा. ती वाढ दोन टक्के निघाली, तर साठ लाखांच्या मागणीवर आणखी घासाघीस करायला भक्कम कारण हातात आलं.